पालक सभेत एक आलेख, दोन मिनिटं: स्लाइडखालच्या नोट्स कशा लिहायच्या

पालक सभेत आलेख पडद्यावर येतो तेव्हा समोर बसलेला प्रत्येक जण त्यात आपलं मूल शोधायला लागतो. तुम्ही काय सांगताय ते पहिले काही क्षण कुणी फारसं ऐकत नाही. हातात दोनच मिनिटं असतील तर हे डोक्यात ठेवूनच नोट्स लिहायला हव्यात. बहुतेक जण तसं करत नाहीत. स्लाइडवर जे लिहिलंय तेच थोडं लांबवून खाली टाकतात आणि सभेत ते वाचून दाखवतात. मग पालकांना तीच माहिती एकदा डोळ्यांनी आणि एकदा कानांनी मिळते, आणि त्यांना जे विचारायचं असतं ते राहूनच जातं.

पुढे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतो. सातवीचा वर्ग, चाळीस मुलं, गणिताच्या दोन चाचण्या, दोन्ही 20 गुणांच्या. वर्गशिक्षिकेला सभेत गणितासाठी दोन मिनिटं मिळाली आहेत आणि त्यात एकच आलेख दाखवायचा आहे. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण असे आकडे कुठल्याही वर्गात सहज सापडतील.

आधी एक वाक्य ठरवा

नोट्स लिहायला बसण्याआधी एका कागदावर एकच वाक्य लिहा: सभेतून घरी गेल्यावर पालकाने शेजाऱ्याला या आलेखाबद्दल काय सांगावं असं तुम्हाला वाटतं? ‘वर्गाची प्रगती समाधानकारक आहे’ असलं वाक्य चालणार नाही, कारण ते सांगायला आलेख लागतच नाही. वाक्यात आकडा हवा आणि तो कशाचा आहे हेही हवं.

आपल्या उदाहरणात सुरुवातीला शिक्षिकेकडे चार गट होते. पहिल्या चाचणीत 0 ते 5 गुणांत पाच मुलं, 6 ते 10 मध्ये तेरा, 11 ते 15 मध्ये चौदा आणि 16 ते 20 मध्ये आठ. दुसऱ्या चाचणीत याच क्रमाने तीन, आठ, एकोणीस आणि दहा. यातून निघणारं वाक्य असं: ‘पहिल्या चाचणीत दहा किंवा त्याहून कमी गुण असलेली मुलं अठरा होती, दुसऱ्या चाचणीत ती अकरा आहेत.’ दोन मिनिटांत एवढं एक वाक्य नीट पोचलं तरी खूप झालं. बाकीचं सगळं या वाक्याच्या आधाराला असतं.

सरासरी का नाही, असं कुणी विचारेल. वर्गाची सरासरी एका गुणाने वाढली असं सांगितलं की पालक मान डोलावतात, पण ज्या मुलांना मदत हवी आहे त्यांची संख्या कमी झाली की वाढली हे त्या एका आकड्यातून कळत नाही. वरची मुलं आणखी वर गेली आणि खालची होती तिथेच राहिली, तरी सरासरी वाढतेच.

वाक्य पक्कं करण्याआधी आकड्यांबद्दल एक गोष्ट तपासून घ्या. दोन्ही चाचण्यांना बसलेली मुलं तेवढीच होती का? पहिल्या वेळी चाळीस आणि दुसऱ्या वेळी सदतीस असतील, तर खालच्या गटातली घट निव्वळ गैरहजेरीमुळेही दिसू शकते. अशा वेळी दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचेच आकडे घ्या आणि त्यांची एकूण संख्या स्लाइडवर लिहा. आपल्या उदाहरणात दोन्ही वेळी चाळीसच्या चाळीस मुलं हजर होती.

आलेखात बदल करावाच लागतो

नोट्स लिहिताना जिथे लांबलचक खुलासा करावा लागतो, तिथे बहुधा आलेखच दुरुस्त करायला हवा असतो. ‘हा रंग म्हणजे हे, तो रंग म्हणजे ते, आणि ही रेघ सध्या बघू नका’ असं नोट्समध्ये लिहिण्याची वेळ आली, तर ती रेघ काढून टाका. दोन मिनिटांतली वीस सेकंदं वाचतात.

आपल्या आलेखात सगळ्यात मोठा बदल खालच्या गटाचा आहे. दुसऱ्या चाचणीत 0 ते 5 गुणांच्या गटात फक्त तीन मुलं आहेत. नावं न लिहिताही ती तीन मुलं कोण, याचा अंदाज वर्गातल्या निम्म्या पालकांना असतो. मुलं घरी सगळं सांगतातच. त्या तिघांचे पालक समोर बसलेले असताना तो छोटा स्तंभ पडद्यावर दाखवणं बरं नव्हे. म्हणून खालचे दोन गट एकत्र करायचे: दहा किंवा कमी. आता आलेखात तीन जोड्या उरतात: 18 आणि 11, 14 आणि 19, 8 आणि 10. गट अगदी लहान निघाला की तो शेजारच्या गटात मिसळून टाकायचा, हा माझा पक्का नियम आहे.

यात एक बारीक अडचण आहे. आता खालचा गट अकरा गुणसंख्यांचा झाला, शून्य ते दहा, आणि वरचे दोन गट पाच-पाच गुणांचेच राहिले. त्यामुळे डावीकडचा स्तंभ मधल्या किंवा उजवीकडच्या स्तंभाशी ताडून बघायचा नाही. तुलना एकाच गटातल्या दोन स्तंभांची, म्हणजे पहिली चाचणी विरुद्ध दुसरी. आपल्या वाक्यात तेवढंच येतं, म्हणून हा आलेख चालतो. बोलताना मात्र ‘सगळ्यात जास्त मुलं कुठल्या गटात आहेत बघा’ असं तोंडून जाऊ द्यायचं नाही.

दिसण्याबद्दल थोडक्यात: स्तंभांचा आलेख असेल तर उभी रेघ शून्यापासूनच सुरू करा, नाहीतर 18 आणि 11 मधला फरक आहे त्यापेक्षा कितीतरी मोठा दिसेल. पहिल्या चाचणीला राखाडी, दुसरीला गडद निळा. लाल-हिरवा नको. काहींना ते रंग वेगळे दिसत नाहीत, शिवाय लाल म्हणजे नापास असा अर्थ लोक आपोआप लावतात. आकडा थेट स्तंभाच्या डोक्यावर लिहा आणि मागच्या आडव्या रेघा पुसून टाका. मथळ्याच्या जागी ‘गणित चाचणी विश्लेषण’ न लिहिता आपलं ठरलेलं वाक्यच लिहा. उशिरा आलेल्या पालकालाही निदान तेवढं वाचता येतं.

पूर्ण बोलणं एकदा लिहून काढा

नोट्स थेट लिहू नका. आधी जे बोलणार ते शब्दन् शब्द लिहून काढा, वेळ लावून म्हणा, आणि मग त्याच्या नोट्स करा. हे दुप्पट काम वाटेल. पण थेट मुद्दे लिहिले की प्रत्येक मुद्दा बोलताना किती पसरतो याचा अंदाजच येत नाही. ‘शाब्दिक उदाहरणे – अडचण’ हे नोट्समध्ये तीन शब्द असतात आणि सभेत ते दीड मिनिट खातात.

शांतपणे, मागच्या रांगेला कळेल अशा गतीने मराठी बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. तुमची गती थोडी वेगळी असेल, ती मोबाइलच्या घड्याळावर मोजून घ्या. दोन मिनिटांत थांबण्यासाठी आणि पडद्याकडे हात दाखवण्यासाठी पंधरा-वीस सेकंदं जातातच. म्हणजे लिखाण 160 ते 170 शब्दांच्या आत बसायला हवं. आपल्या शिक्षिकेचं लिखाण असं झालं:

> नमस्कार. गणितात आपल्या वर्गाला कुठे अडतंय आणि ते कमी होतंय का, एवढंच या आलेखात बघू या.
>
> स्तंभाची उंची म्हणजे मुलांची संख्या. वर्गात मुलं चाळीस. राखाडी स्तंभ पहिल्या चाचणीचा, निळा दुसऱ्या चाचणीचा. दोन्ही चाचण्या वीस गुणांच्या. डावीकडे दहा किंवा त्याहून कमी गुण मिळालेली मुलं, उजवीकडे जाल तसे गुण वाढत जातात.
>
> आता फक्त डावीकडची जोडी बघा. पहिल्या चाचणीत या गटात अठरा मुलं होती. दुसऱ्या चाचणीत अकरा आहेत.
>
> पहिल्या चाचणीनंतर आम्ही मंगळवारी आणि गुरुवारी शेवटच्या तासाला शाब्दिक उदाहरणांचा जादा सराव सुरू केला. सगळा फरक त्यामुळेच पडला असं मी म्हणणार नाही, कारण दुसरी चाचणी वेगळ्या धड्यांवर होती. पण पेपर तपासताना एक गोष्ट दिसली. या अकरा जणांतल्या बहुतेकांना आकडेमोड येते. शाब्दिक उदाहरण आलं की नेमकं काय काढायचं तेच कळत नाही. म्हणून हा सराव पुढेही चालू ठेवतोय.
>
> घरी एकच करा. उदाहरण सोडवण्याआधी मुलांना ते मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, ‘यात काय काढायचंय?’ गणित तुम्हाला आलं नाही तरी चालेल. प्रत्येकाचे गुण माझ्याकडे आहेत, सभा संपल्यावर एकेकाला दाखवते.

या लिखाणात काही गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. दुसऱ्या परिच्छेदात फक्त आलेख कसा वाचायचा एवढंच आहे, निष्कर्ष नाही. तो सभेत सगळ्यात कंटाळवाणा वाटतो, म्हणून वक्ते तो गाळतात आणि सरळ ‘अठराचे अकरा’ म्हणून मोकळे होतात. पण आलेख रोज बघण्याची सवय सगळ्यांना नसते. स्तंभाची उंची म्हणजे गुण असा समज समोरच्यांपैकी काहींचा झालेला असतो. मग त्यांना वाटतं की गुणच अठरावरून अकरावर घसरले. तुम्ही चांगली बातमी देताय आणि त्यांचे चेहरे पडलेले दिसतात, तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. त्यामुळे ‘उंची म्हणजे मुलांची संख्या’ हे वाक्य वेळ कितीही कमी असला तरी कापायचं नाही.

मधला गट आणि उजवीकडचा गट यांचे आकडे बोलण्यात कुठेच नाहीत. ते पडद्यावर आहेत, ज्याला हवे तो वाचेल. सहाही आकडे बोलून दाखवायचे म्हटलं तर त्यातच अर्धा वेळ जाईल आणि लक्षात एकही राहणार नाही.

‘सात मुलं सुधारली’ असं का म्हणायचं नाही

अठरातून अकरा गेले, सात उरले. म्हणून ‘आपली सात मुलं वरच्या गटात गेली’ असं बोलण्याचा मोह होतो. आलेख ते सांगतच नाही. नऊ मुलं वर गेली असतील आणि दोन वरून खाली आली असतील, तरी खालच्या गटात अकराच उरतात. त्या दोन मुलांचे पालक समोर बसलेले असतील, आणि त्यांना घरी आलेल्या पेपरवरून ते नक्की माहीत असतं. तुम्ही ‘सात सुधारली’ म्हणालात की त्यांचा तुमच्यावरचा विश्वास तिथेच उडतो. ‘या गटात अठरा होती, आता अकरा आहेत’ एवढं बोललात तर ते खरंही आहे आणि पुरेसंही.

कारणाचंही तसंच आहे. जादा सराव घेतला आणि संख्या कमी झाली, म्हणजे सरावामुळेच कमी झाली असं या आलेखातून सिद्ध होत नाही. दुसरा पेपर सोपा असू शकतो, धडे सोपे असू शकतात, पहिल्या चाचणीच्या वेळी मुलं नवीन वर्गात रुळली नसतील. हे सगळं सभेत मांडायला वेळ नाही आणि गरजही नाही. एका वाक्यात ‘सगळा फरक त्यामुळेच असं मी म्हणणार नाही’ म्हटलं की काम होतं. काही मुख्याध्यापकांना असं वाक्य आवडत नाही. त्यांना वाटतं, आपण आपलंच काम कमी लेखतोय. पण ‘पेपर सोपा होता का हो?’ हा प्रश्न कुणी ना कुणी विचारणारच. तो आल्यावर सारवासारव करण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं.

आता त्याच्या नोट्स करा

पूर्ण लिखाण नोट्समध्ये ठेवलं की डोळे कागदावरून हलत नाहीत. सगळं काढून फक्त मुद्दे ठेवले की सुरुवात अडखळते आणि शेवट लांबतो. मी मधली वाट सुचवतो: पहिलं वाक्य आणि शेवटची विनंती जशीच्या तशी लिहायची, मधलं सगळं तुटक शब्दांत. शिवाय जिथे शब्द चुकला तर अर्थ बिघडतो, अशी एक-दोन वाक्यं पूर्ण ठेवायची. आपल्या बाबतीत ते कारणाबद्दलचं वाक्य. ते ऐन वेळी जुळवायला गेलात तर हमखास ‘सरावामुळे फरक पडला’ असंच तोंडातून निघतं.

> 0:00 ★ गणितात आपल्या वर्गाला कुठे अडतंय आणि ते कमी होतंय का, एवढंच या आलेखात बघू या.
>
> 0:15 ★ उंची = मुलांची संख्या. मुलं चाळीस.
> राखाडी पहिली, निळा दुसरी. दोन्ही वीस गुण.
> (हात डावीकडून उजवीकडे) गुण वाढत जातात.
>
> 0:40 ★ फक्त डावी जोडी. (हात तिथेच)
> ★ अठरा होती … अकरा आहेत. (थांब. पालकांकडे बघ.)
>
> 1:00 मंगळ-गुरू, शेवटचा तास, शाब्दिक उदाहरणं.
> सगळा फरक त्यामुळेच पडला असं मी म्हणणार नाही, दुसरी चाचणी वेगळ्या धड्यांवर होती.
> अकरातले बहुतेक: आकडेमोड येते, काय काढायचं ते कळत नाही. सराव चालू.
>
> 1:35 ★ घरी एकच करा. उदाहरण सोडवण्याआधी मुलांना ते मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, ‘यात काय काढायचंय?’
> गुण सभेनंतर, एकेकाला.

आकडे अक्षरांत लिहिलेत, कारण 18 आणि 11 घाईत वाचताना एखाद्या वेळी जागा बदलतात. ‘अठरा’ आणि ‘अकरा’ लिहिलेलं असलं की उच्चार थेट डोळ्यांतून तोंडात येतो. कंसातल्या सूचना स्वतःसाठी आहेत. त्यातली ‘थांब’ ही सगळ्यात महत्त्वाची, कारण पडद्यावरचा आकडा आणि तुमचा आवाज यांची गाठ पालकाच्या डोक्यात बसायला दोन-तीन सेकंदं लागतात. तेवढी शांतता उभं राहून बोलणाऱ्याला फार लांब वाटते, पण खुर्चीत बसलेल्याला ती जाणवतही नाही.

डावीकडच्या वेळा म्हणजे त्या क्षणी तुम्ही कुठे असायला हवं याच्या खुणा आहेत. एक मिनिट झालं आणि अजून अकराचा आकडा आलेला नसेल, तर तुम्ही आलेख वाचायला शिकवण्यातच अडकलात. तिथून पुढे पळापळ करायची नाही, 1:00 चा भाग गाळून थेट विनंतीवर यायचं.

चांदण्या त्यासाठीच आहेत. पालक सभा वेळेवर सुरू होत नाही, आधीचे वक्ते लांबतात, आणि सूत्रसंचालक कानाशी येऊन ‘एका मिनिटात आटपा’ म्हणतो. मग फक्त चांदणीच्या ओळी बोलायच्या. त्या सलग म्हणून बघा: आलेख कसा वाचायचा, आकडा काय, घरी काय करायचं, एवढं त्यात येतं. काय गाळायचं हे आधीच ठरलेलं असलं की सभेत उभं राहून निवड करावी लागत नाही. घाईत सुचलेली काटछाट जवळजवळ नेहमी शेवटाची होते, आणि पालकांच्या खऱ्या उपयोगाचा भाग तोच असतो.

रेघेखाली: विचारले जाणारे प्रश्न

दोन मिनिटांच्या नोट्स संपल्या की खाली एक रेघ मारा आणि तिच्याखाली तीन-चार प्रश्नांची एकेक ओळीची उत्तरं लिहा. हा भाग बोलायचा नसतो, हात वर झाला तरच लागतो.

‘माझी मुलगी कुठल्या स्तंभात आहे?’ हा प्रश्न येणारच, आणि तो भर सभेत येतो. उत्तर आधी लिहून ठेवा: ‘सभा संपली की लगेच दाखवते, इथे कुणाच्याच मुलाचं सांगत नाही.’ ‘कुणाच्याच’ या शब्दामुळे विचारणाऱ्याला आपल्याला टाळलं असं वाटत नाही. मुलगी वरच्या गटात आहे म्हणून तेवढ्यापुरतं सांगून टाकू असं वाटेल. पण एकाला सांगितलं की पुढच्याला नाही म्हणता येत नाही, आणि तुम्ही ज्याला नाही म्हणाल त्याचं मूल खालच्या गटात आहे हे सगळ्यांना कळतं.

‘दुसऱ्या तुकडीचं काय?’ याला माझं उत्तर: पेपर वेगळे, तपासणारे वेगळे, म्हणून तुलना केलेली नाही. पेपर सारखेच असतील तर हे उत्तर देता येणार नाही, तेव्हा आधी चौकशी करून ठेवा.

‘पेपर सोपा होता का?’ इथे फक्त ‘नाही’ म्हणू नका. दोन्ही पेपरांत शाब्दिक उदाहरणांना किती गुण होते ते काढून ठेवा. दोन्हीत तेवढेच असतील तर तो आकडा सांगा. कमी-जास्त असतील तर तेही सांगा.

म्हणून बघणं

बसून मनातल्या मनात वाचलं की दोन मिनिटांचं बोलणं सव्वा मिनिटात संपतं आणि तुम्ही खुशाल आणखी मजकूर घालता. उभं राहून, मोठ्याने, पडदा समजून एखाद्या भिंतीकडे हात दाखवत म्हणा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. दोन मिनिटं वीस सेकंदं झाली तर भरभर बोलून ती वीस सेकंदं भरून काढू नका, एखादं वाक्य काढा. मी असतो तर 1:00 च्या भागातून ‘सराव चालू’ काढलं असतं, ते आधीच्या वाक्यातून कळतंच.

मग घरातल्या किंवा शिक्षक खोलीतल्या एखाद्याला, ज्याने हा आलेख पाहिलेला नाही, एकदा ऐकवा. ‘कळलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, ‘ते अकरा म्हणजे काय?’ ‘अकरा गुण’ असं उत्तर आलं तर 0:15 चा भाग हळू बोलायला हवा, किंवा स्लाइडवर उभ्या रेघेशेजारी ‘मुलांची संख्या’ मोठ्या अक्षरात हवं. ‘दहा किंवा कमी गुण मिळालेली मुलं’ असं आलं तर नोट्स तयार आहेत.

सभागृहात

पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडच्या खाली `Notes` वर क्लिक केलं की लिहायची जागा उघडते. गुगल स्लाइड्समध्ये तीच जागा `View` मधून `Show speaker notes` ने दिसते. दाखवताना पॉवरपॉइंटमध्ये `Presenter View` चालू असला की नोट्स तुमच्या लॅपटॉपवर आणि नुसती स्लाइड प्रोजेक्टरवर दिसते. अक्षरं लहान वाटली तर नोट्सच्या खाली अक्षर मोठं करायचं बटण असतं, ते आधीच दाबून ठेवा.

गोंधळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. लॅपटॉपवर `Duplicate` निवडलेलं असेल तर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र जातं. अशा वेळी `Presenter View` उघडला की ‘थांब. पालकांकडे बघ’ हेही पालकांना वाचायला मिळतं. विंडोजवर `Win+P` दाबून `Extend` निवडा, आणि हे पालक यायच्या आधी करून बघा. कुणाच्या लॅपटॉपवरून दाखवायचं तेच ठरलेलं नसेल, तर पडद्यावरच्या नोट्सच्या भानगडीत पडू नका. `File`, `Print`, आणि तिथे `Full Page Slides` ऐवजी `Notes Pages` निवडून एक कागद छापून घ्या. दोन मिनिटांसाठी मला तर कागदच बरा वाटतो. लॅपटॉपमागे अडकून पडावं लागत नाही आणि आलेखाशेजारी उभं राहून हात दाखवता येतो.

बोलणं संपलं आणि प्रश्न सुरू झाले की कीबोर्डवरचं `B` दाबा, पडदा काळा होतो. आलेख समोर राहिला तर प्रश्न त्या स्तंभांभोवतीच फिरत राहतात. पुन्हा दाबलं की आलेख परत येतो.

सभेनंतर पालकांच्या ग्रुपवर स्लाइड पाठवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तिथे दोन गोष्टी जपा. स्लाइडची मूळ फाइल पाठवली की नोट्सही सोबत जातात, रेघेखालच्या उत्तरांसकट. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे आलेखाच्या आत दडलेला तक्ता. एक्सेलमधून आलेख आणताना तो वर्कबुकसह पेस्ट झाला असेल, तर फाइल उघडणारा कुणीही आलेखावर राइट-क्लिक करून `Edit Data` मधून आतले आकडे बघू शकतो. त्या एक्सेल फाइलमध्ये मुलांची नावं आणि गुण असतील तर तेही त्याच्या हाती लागतात. म्हणून पेस्ट करतानाच `Picture` हा पर्याय निवडा, म्हणजे स्लाइडवर नुसतं चित्र येतं. आणि ग्रुपवर मूळ फाइल न टाकता त्या एका स्लाइडचा फोटो किंवा नोट्स नसलेली पीडीएफ टाका.